भाषण तोंडपाठ आहे पण पाढे म्हटल्यासारखं म्हणते: सावित्रीबाईंवरचं तीन मिनिटांचं भाषण, आवाज आणि हात

प्रश्न: मुलगी चौथीत आहे. ३ जानेवारीला शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय सावित्रीबाई फुले, वेळ ३ मिनिटं. नेटवरचं भाषण तोंडपाठ करून घेतलंय पण पाढे म्हटल्यासारखं म्हणते, हात शिवून ठेवल्यासारखे. चढउतार कसे आणायचे, हावभाव कुठे करायचे? एखादं भाषण खुणांसकट मिळेल का?

ताई, आधी ते पाठ केलेलं भाषण तुम्ही स्वतः उभं राहून मोठ्याने म्हणून बघा. माझी पैज, चौथ्या वाक्याला तुमचाही आवाज पाढ्यावर जाईल. कारण नेटवरची ही भाषणं बहुतेक अशी असतात: अमुक साली जन्म झाला, वडिलांचे नाव अमुक होते, अमुक साली विवाह झाला, अमुक साली शाळा सुरू केली, अमुक साली निधन झाले. सगळी वाक्यं साधारण एकाच लांबीची आणि सगळ्यांच्या शेवटी झाला, होते, केली, झाले. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याच जागी येऊन आपटतं आणि पोराचा आवाज तिथे आपोआप खाली पडतो, पुढच्या वाक्याला पुन्हा वर, पुन्हा खाली. झाला ताल तयार. आता अशा मजकुरावर तुम्ही "चढउतार आण गं" म्हणालात की ती मधेच एखादा शब्द किंचाळणार, दुसरं काय करणार बिचारी. बायोडेटा कसा वाचला तरी बायोडेटाच राहतो.

मी बावीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, दरवर्षी पाच-सहा पोरं स्पर्धेला तयार करायचे आणि नंतर नंतर परीक्षक म्हणूनही बसले. परीक्षकाच्या खुर्चीवर बसल्यावर कळतं की ३ जानेवारीला एकाच विषयावर पंचवीस भाषणं ऐकायची म्हणजे काय असतं. त्यातल्या वीस जणी "सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे" पासूनच सुरू करतात. तारीख चुकली तर आपण गुण कापतो, पण तारीख बरोबर आली म्हणून कोणी लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती पोरगी जिने काहीतरी दाखवलं.

म्हणून माझी पद्धत अशी की आधी एक प्रसंग पकडायचा, भाषण त्याच्याभोवती बांधायचं. प्रसंग असला की कुठे हळू, कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा हे त्यातूनच निघतं, वेगळं चिकटवावं लागत नाही. सावित्रीबाईंच्या बाबतीत सगळे शेणमातीचा प्रसंग घेतात, तो घ्याच, पण सुरुवात त्याने नको. सुरुवात शेवटापासून करा, १८९७ च्या प्लेगपासून. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाला तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. हे चित्र डोळ्यासमोर उभं राहतं आणि नऊ-दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं, तिला "स्त्रीमुक्तीच्या आद्य प्रणेत्या" म्हणजे काय ते कळत नाही. न कळलेला शब्द पोर नेहमी सपाट म्हणतं, हे ऐकून ऐकून झालेलं माझं मत आहे.

आता भाषण. एक तिरकी रेघ म्हणजे अर्धा श्वास थांबायचं, दोन रेघा म्हणजे मनात एक-दोन मोजून थांबायचं.

१८९७ साल. / पुण्यात प्लेग आलाय. / लोक घरं सोडून, गाव सोडून चाललेत. // आणि एक बाई... / उलट्या दिशेने चाललीय. // जिकडे प्लेग आहे, तिकडे.

तिचं वय सहासष्ट. / पाठीवर एक मुलगा, / तापाने फणफणलेला. / तो तिचा मुलगा नाही. / नात्यातलाही नाही. / मुंढव्याच्या गायकवाडांचा तो मुलगा. / त्याला प्लेग झालाय, हे तिला माहीत आहे. / तरी ती त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवते. // कोण ही बाई? //

अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, / ही बाई म्हणजे / सावित्रीबाई फुले.

३ जानेवारी १८३१ ला साताऱ्याजवळच्या नायगावात त्या जन्मल्या. नऊ वर्षांच्या झाल्या आणि लग्न झालं. / मी आज नऊ वर्षांची आहे. // माझ्या दप्तरात पुस्तकं आहेत. त्यांना तेव्हा अक्षरही येत नव्हतं. / जोतीरावांनी त्यांना शिकवलं. आणि १८४८ साली पुण्यात, भिडे वाड्यात, मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला कोण? / सावित्रीबाई! / वय किती? / सतरा! //

शाळेत जाताना लोक अंगावर शेण टाकायचे. / चिखल फेकायचे. // मग सावित्रीबाईंनी काय केलं? / शाळा बंद केली? / नाही. / घरी बसल्या? / नाही. // त्यांनी सोबत / एक जास्तीची साडी घेतली. // शाळेत पोचायचं, / खराब साडी बदलायची, / आणि शिकवायला उभं राहायचं. / उद्या पुन्हा तेच. / परवा पुन्हा तेच.

अशा बाईला प्लेगची भीती कशी वाटेल? // तो मुलगा दवाखान्यात पोचला. / पण सावित्रीबाईंना प्लेग झाला. // १० मार्च १८९७. / सावित्रीबाई गेल्या. //

आमच्या वर्गात आज बावीस मुली आहेत. / रोज सकाळी बाई हजेरी घेतात. / एकेक नाव येतं, आणि एकेक मुलगी म्हणते, / हजर. // हजर. // हजर! //

जय हिंद, जय महाराष्ट्र.

हे साधारण दोनशे शब्दांचं आहे. तुम्हाला वाटेल तीन मिनिटांना कमी पडेल, पण नाही पडत. चौथीचं पोर नीट थांबत बोललं तर मिनिटाला शंभरच्या आतच शब्द जातात, म्हणजे हे अडीच मिनिटांच्या आसपास बसतं आणि स्टेजवर एखादं वाक्य अडखळलं तरी घंटेच्या आत संपतं. साडेतीनशे शब्द कोंबले की पोर घड्याळाशी शर्यत लावतं, आणि पळताना चढउतार होत नाहीत. वर्गातल्या मुलींचा आकडा तुमच्या खरा आहे तो घाला, आणि मुलगी नऊ ऐवजी दहाची असेल तर "मी त्यांच्याहून एकच वर्षाने मोठी आहे" असं करा, उगाच खोटं नको. एक अजून, सावित्रीबाईंच्या तोंडी मनाने वाक्यं घालू नका. नेटवर त्यांच्या नावाने बरेच सुविचार फिरतात, आणि परीक्षकांत एखादा वाचणारा निघाला तर तो "हे कुठे आहे?" असं विचारतो.

आता आवाज. चढउतार म्हटलं की सगळे पालक मोठा आणि बारीक एवढंच धरतात. माझ्या हिशेबी लहान मुलांत मोठेपणा सगळ्यात शेवटी येतो, त्याआधी थांबणं आणि वेग. पहिल्या परिच्छेदात "लोक गाव सोडून चाललेत" हे थोडं घाईत म्हणायचं, लोक पळतायत ना, मग वाक्यही पळू दे. नंतर थांबायचं. "आणि एक बाई" इथे वेग निम्मा. "उलट्या दिशेने" हे तीनही भाषणांत, म्हणजे सरावात, घरच्यांसमोर आणि स्टेजवर, एकाच वेगाने यायला हवं, कारण सगळं भाषण या दोन शब्दांवर उभं आहे. त्यानंतरचा थांबा पोरांना फार जड जातो, शांतता झाली की त्यांना वाटतं आपण विसरलो असं लोकांना वाटेल. तिला सांगा, थांबताना मनात "एक, दोन" म्हण आणि समोरच्या कोणाकडे तरी बघ. छताकडे बघून थांबली तर विसरली असं दिसतं, माणसाकडे बघून थांबली तर मुद्दाम थांबली असं दिसतं, फरक एवढाच.

"सावित्रीबाई!" आणि "सतरा!" इथे आवाज वर जाऊ दे, आनंदाने, घरी निकाल सांगतो तसा. इथे आणि शेवटच्या "हजर" ला, एवढंच. शेणाच्या जागी मात्र उलटं करायचं, आणि हे सगळे चुकतात. "शेण टाकायचे" म्हणताना पोरं ओरडतात, चेहरा वाकडा करतात, कोणी तर डोळ्यात पाणी आणतं. मी एका वर्षी एका मुलीला तिथे जोरात म्हणायला शिकवलं होतं, तिचा आवाज माइकमध्ये फाटला, पुढच्या दोन ओळी कोणाला ऐकूच आल्या नाहीत आणि साडीचा मुद्दा वाया गेला. चूक माझीच. तेव्हापासून तिथे आवाज खाली घ्यायला लावते, बातमी सांगितल्यासारखं, सरळ. ऐकणाऱ्याला राग आपोआप येतो, पोरीने तो करून दाखवायची गरज नाही. मग "शाळा बंद केली?" हा प्रश्न वर उचलून, आणि "नाही" लहान, तुटक, खाली. दोन्ही "नाही" सारखे नकोत, दुसरा जरा जास्त ठाम.

"उद्या पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच" हे मुद्दाम सपाट म्हणायचं. रोजचं काम आहे ते. संपूर्ण भाषणात सपाट चालेल अशी ही एकच जागा.

मृत्यूच्या ओळीला रडवा आवाज नको. तारीख नेहमीच्या आवाजात, थांबा, मग "सावित्रीबाई गेल्या" हळू. हळू म्हणजे वेगाने कमी, आवाजाने नाही, नाहीतर मागच्या रांगेला फक्त ओठ हलताना दिसतात. इथे अजून एक गोची होते, "गेल्या" चा "ल्या" गिळला जातो. मुलांचा श्वास वाक्याच्या शेवटी संपतो म्हणून शेवटचं अक्षर नेहमी मरतं. तपासायचं असेल तर तुम्ही शेजारच्या खोलीत जाऊन दार लोटून ऐका, प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कळतोय का. नसेल कळत तर श्वास कुठे घ्यायचा ते चुकतंय, त्या तिरक्या रेघांवर नाकाने श्वास घ्यायला शिकवा. खांदे वर उचलून श्वास घेत असेल तर तो पुरत नाही, पोटावर हात ठेवून करून बघायला सांगा.

आता हात. "शिवून ठेवल्यासारखे" असतील तर मला त्यात फारसं वाईट वाटत नाही, खरं सांगू का. सूर्य म्हटलं की वर बोट, हृदय म्हटलं की छातीवर हात, आणि "आपण सर्व" म्हटलं की दोन्ही हात पसरून, असं शब्दागणिक हात हलवणाऱ्या पोरांपेक्षा हात बाजूला सोडून उभी असलेली मुलगी बरी दिसते. या भाषणात मी चारच जागा ठेवते.

पहिली "उलट्या दिशेने". आधी डोळे उजवीकडे जातात, मग उघडा तळवा तिकडे, मग शब्द. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपण खरं बोलतो तेव्हा हात शब्दाच्या जरा आधी उठतो, आणि शिकवलेलं पोर शब्द म्हणून झाल्यावर हात करतं, तिथेच ते खोटं कळतं. एका बोटाने दाखवायचं नाही, पूर्ण तळवा. "जिकडे प्लेग आहे, तिकडे" होईपर्यंत हात तिथेच, मग सावकाश खाली.

दुसरी "पाठीवर एक मुलगा". इथे वाकायचं वगैरे नाही, नाटक नाहीये हे. उजवा हात डाव्या खांद्यावर, पाठीवरच्या पोराचा हात धरावा तसा. घरात धाकटं भावंड असेल तर एकदा तिला त्याला खरंच पाठीवर घेऊन चार पावलं चालू दे, हात कुठे जातो ते तिचं तिला कळतं, मग तुम्हाला शिकवायला लागत नाही.

तिसरी "जास्तीची साडी". पिशवीला हात लावावा तसा उजवा हात कमरेजवळ, जरासा. मोठा हावभाव केला तर पुढचा "शिकवायला उभं राहायचं" फिका पडतो, त्या ओळीला फक्त पाठ ताठ आणि मान सरळ.

चौथी शेवटची, "हजर". पहिला "हजर" हात न उचलता, दुसरा अर्धा हात, तिसरा पूर्ण हात वर, वर्गात करतो तस्साच. हा हावभाव तिला शिकवायची गरजच नाही, रोज करते ती. आवाजही तीन पायऱ्यांनी वर. मग हात खाली आला की मगच "जय हिंद". पुष्कळ मुलं टाळ्या सुरू झाल्या की पळ काढतात आणि जय हिंद विंगेत म्हणतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. काही ठिकाणी संबोधनाने सुरुवात केली नाही तर गुण कापतात, तसं असेल तर "अध्यक्ष महोदय" पहिल्या ओळीत घ्या आणि लगेच "१८९७ साल" वर उडी मारा, मधे "मी आज तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतपणे ऐकावे" नको. काही ठिकाणी हावभावाला वेगळे गुण असतात, काही ठिकाणी वक्तृत्व वेगळं आणि नाट्यछटा वेगळी असं काटेकोर असतं. माइक आहे का आणि तो हातातला की स्टँडवरचा हेही विचारा. हातातला असेल तर डाव्या हातात धरायला शिकवा, नाहीतर खांद्यावरचा हात जमणार नाही. तोंडापासून साधारण एक वीत लांब. घरी सराव करताना लाटणं धरायला द्या, हसू नका, याने खूप फरक पडतो.

पाठांतराबद्दल. जुनं भाषण तिच्या जिभेवर बसलंय, त्यामुळे नवीन लगेच पाठ करायला बसवू नका, तोच ताल यात घुसेल. पहिले दोन दिवस कागद न देता तुम्ही तिला गोष्ट सांगा आणि संध्याकाळी तिला ती आजीला किंवा बाबांना सांगू दे, तिच्या शब्दात, जेवताना चालेल. तेव्हा तिचा आवाज कसा वरखाली होतो ते ऐका, फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं तर उत्तम. तोच आवाज आपल्याला स्टेजवर हवाय. तिसऱ्या दिवशी कागद द्या, मोठ्या अक्षरात, रेघांसकट. पाचव्या दिवसापासून मधूनच सुरू करायला लावा, "साडीपासून म्हण", "नायगावपासून म्हण". पहिल्यापासूनच म्हणायची सवय असली की मधे अडकलं की पुन्हा पहिल्यावर जावं लागतं, स्पर्धेत रडणारी बहुतेक मुलं इथेच अडकतात. तिच्या डोक्यात चार खुंट्या असू द्या: प्लेग, नऊ वर्षं, साडी, हजेरी. वाक्य विसरलं तर पुढच्या खुंटीवर उडी मारायची, मागे वळायचं नाही.

पाढा पुन्हा आलाच तर एक उपाय आहे, सगळं भाषण कुजबुजून म्हणायला लावा. कुजबुजताना सूर लागतच नाही त्यामुळे ताल मोडतो आणि फक्त थांबे उरतात. मग लगेच नेहमीच्या आवाजात. मात्र रोज दोन-तीनदापेक्षा जास्त नको, घसा कोरडा पडतो.

उच्चाराचं एवढंच की या भाषणात ण आणि ळ कुठे आहेत ते बघा, खास करून पुण्यात, फणफणलेला, शेण, शाळा, सकाळी. घरी "शेन" म्हणत असतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण बहुतेक परीक्षक तिथे पेन्सिल चालवतात, म्हणून एवढे पाच शब्द वेगळे करून घ्या. बाकी तिची बोली सुधारायला जाऊ नका, दहा दिवसांत ते होत नाही आणि उगाच ती प्रत्येक शब्दाला बिचकायला लागते.

स्पर्धेच्या सकाळी भाषण म्हणून घेऊ नका. फक्त पहिली ओळ आणि शेवटची ओळ, एकेकदा. स्टेजवर गेल्यावर स्टँड उंच असेल तर बोलायला सुरुवात करायच्या आधी तिने बाईंना "माइक खाली करा" असं सांगायचं, हे आधीच सांगून ठेवा, कारण टाचा उंच करून बोलणाऱ्या पोरीचा श्वास पहिल्या परिच्छेदातच संपतो.